नोकरी बदललेल्या वर्षाचं रिटर्न: कर सल्लागाराला मेल करण्याआधी काय जमवायचं, काय विचारायचं

"सर, फॉर्म १६ जोडला आहे. रिटर्न भरून टाका. रिफंड किती येईल?"

जून-जुलैत कर सल्लागारांच्या इनबॉक्समध्ये असल्या मेलची रांग लागलेली असते. मेल पाठवणाऱ्याला वाटतं, आपलं काम झालं. खरं तर सुरुवातही झालेली नसते. पुढचे आठ-दहा दिवस "बँकेचं व्याज?", "आधीच्या कंपनीचा फॉर्म?", "भाडं भरता का?" अशा तुकड्या-तुकड्यांच्या मेलमध्ये जातात. त्यातला एखादा तुकडा राहून जातो आणि पुढे नोटीस येते ती नेमकी त्यावरच.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वर्षाच्या मध्ये नोकरी बदलणाऱ्यांचा. म्हणून हा लेख त्याच एका प्रकरणावर आहे. उदाहरण २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२५-२६ चं आहे आणि दरही त्याच वर्षाचे घेतले आहेत. दर बदलत राहतात. कागद जमवण्याचा आणि प्रश्न विचारण्याचा क्रम मात्र दर वर्षी हाच ठेवा.

प्रकरण असं: एका तरुणीनं सप्टेंबरअखेर नोकरी सोडली आणि १ ऑक्टोबरला दुसरीकडे रुजू झाली. आधीच्या कंपनीकडून सहा महिन्यांचे ६,००,००० रुपये मिळाले, नव्या कंपनीकडून ७,२०,०००. बँकेत एक मुदत ठेव, एक बचत खातं, म्युच्युअल फंडाची थोडी गुंतवणूक आणि राहायला भाड्याचं घर. वरवर पाहता अगदी साधं प्रकरण.

## टप्पा १: कागद गोळा करण्याआधी "या वर्षी काय बदललं" ते लिहा

बहुतेक जण आधी कागद शोधायला लागतात. क्रम उलटा ठेवा. कोरं पान घेऊन १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात पैशाच्या बाबतीत काय काय घडलं ते आठवून लिहा. आपण फक्त कागद पाठवले, तर जे कागदावर नाही ते सल्लागाराला कळायला मार्गच नसतो.

आमच्या तरुणीची यादी पाच ओळींत झाली. नोकरी बदलली. ठेवीचं व्याज आलं, पण टीडीएस कापला नाही. एका फंडातले पैसे दुसऱ्या योजनेत वळवले. वर्षभर भाडं भरलं. जुन्या कंपनीतला पीएफ तसाच पडून आहे.

तिसरी ओळ ती जवळजवळ लिहिणारच नव्हती. तिच्या मते पैसे खात्यात आलेच नाहीत, मग नफा कसला? पण एका योजनेतून दुसरीत पैसे वळवणं म्हणजे कराच्या दृष्टीनं पहिल्या योजनेची विक्री असते. पैसे बँकेत आले की नाही, याला तिथे अर्थ नाही.

तपासा: मागच्या वर्षीच्या रिटर्नबरोबर सल्लागारानं हिशेबाचा एक तक्ता दिला असेल. तो समोर ठेवा. त्यातली जी ओळ यंदा नाही आणि यंदाची जी ओळ त्यात नाही, ती दोन्ही यादीत यायला हवी.

## टप्पा २: कागद कुठून घ्यायचे आणि केव्हा

इथे घाई नडते. कंपनीला शेवटच्या तिमाहीचं टीडीएसचं विवरण ३१ मेपर्यंत भरता येतं आणि फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जून असते. म्हणून आयकर पोर्टलवरून एप्रिलमध्ये उतरवलेल्या २६एएस आणि एआयएस या तुमच्या कर आणि उत्पन्नाच्या नोंदींच्या विवरणांत जानेवारी ते मार्चचा टीडीएस बहुधा दिसतच नाही. अशी अर्धी फाइल पाठवली की सल्लागाराला काम दोनदा करावं लागतं. पूर्ण मेल १५ जूननंतरच पाठवा.

लागणारे कागद असे:

1. दोन्ही कंपन्यांचे फॉर्म १६, भाग अ आणि भाग ब सकट. भाग अ मध्ये टीडीएस असतो, भाग ब मध्ये पगाराची फोड. काही कंपन्या दोन वेगळ्या फायली पाठवतात आणि लोक त्यातली एकच पुढे ढकलतात. जुन्या कंपनीचा ईमेल पत्ता नोकरी सोडल्यावर बंद झालेला असतो, त्यामुळे त्यांचा फॉर्म १६ हवेतच राहतो. मे महिन्यातच त्यांच्या एचआरला स्वतःचा खासगी पत्ता कळवून ठेवा.

2. जुन्या कंपनीचा अखेरच्या हिशेबाचा कागद. शिल्लक रजेचे पैसे, नोटीस कालावधीची वसुली, बोनस हे सगळं त्यातच असतं.

3. २६एएस आणि एआयएस. दोन्ही incometax.gov.in वर लॉगिन करून मिळतात. २६एएससाठी e-File > Income Tax Returns > View Form 26AS असं जा. एआयएस वरच्या पट्टीवर वेगळं दिसतं. २६एएसमध्ये मुख्यतः कापलेला कर दिसतो. एआयएसमध्ये कर न कापलेलं व्याज, फंडांचे व्यवहार, लाभांश हेही दिसतं. एक पाठवून भागत नाही.

4. बँकेचं व्याज प्रमाणपत्र, प्रत्येक बँकेचं. वर्षभराचं खातेपत्रक पाठवू नका. शंभर पानांतून व्याजाच्या चार ओळी शोधायला लावणं हा सल्लागारावर अन्याय आहे, आणि तुमचा सगळा खासगी खर्च त्याला दिसतो तो वेगळाच.

5. म्युच्युअल फंडाचं भांडवली नफ्याचं विवरण, आर्थिक वर्षाचं. नुसता गुंतवणुकीचा तपशील चालत नाही. विकत घेतल्याची तारीख, विकल्याची तारीख आणि नफा त्यात दिसला पाहिजे.

6. भाडं, विमा, गुंतवणूक यांचे आकडे. या टप्प्यावर आकडे पुरतात, पावत्या स्वतःजवळ जपून ठेवा. वर्षाचं भाडं १,००,००० रुपयांच्या वर असेल तर घरमालकाचा पॅन विचारून ठेवा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात घरमालक फोन उचलत नाहीत, हा अनुभव आहे.

## टप्पा ३: पाठवण्याआधी स्वतः ताळा घाला

हा टप्पा जवळपास सगळे वगळतात. "ते सल्लागाराचं काम" असं म्हणून सोडून देतात. पण कोणता आकडा कुठून आला हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

आधी पगार. जुन्या कंपनीनं वर्षाचा पगार १२,००,००० धरून महिन्याला कर कापला. नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की ११,२५,००० उरतात. त्यावर त्या वर्षीच्या दरानं ६८,७५० कर आणि ४ टक्के उपकर मिळून ७१,५०० होतात. सहा महिन्यांत त्याचा निम्मा भाग, म्हणजे ३५,७५० रुपये कापले गेले.

नव्या कंपनीला आधीच्या पगाराची माहितीच नव्हती. ती माहिती फॉर्म १२बी भरून द्यायची असते आणि आमच्या तरुणीनं तो फॉर्म बाजूला ठेवला होता. त्यामुळे नव्या कंपनीनं फक्त आपले ७,२०,००० पाहिले. ७५,००० ची वजावट पुन्हा एकदा दिली आणि उत्पन्न ६,४५,००० वर आणलं. त्या वर्षी ७,००,००० पर्यंतच्या उत्पन्नावर नव्या प्रणालीत सवलतीमुळे कर शून्य होत होता. टीडीएसही शून्य.

म्हणजे वजावट दोनदा मिळाली, खालच्या टप्प्यांचा फायदाही दोनदा मिळाला. दोन्ही कंपन्यांनी आपापल्या जागी बरोबरच केलं आणि तरी एकूण हिशेब चुकला. ही चूक दोनपैकी कुठल्याच फॉर्म १६ मध्ये दिसत नाही. दोन्ही शेजारी ठेवले तरच दिसते.

आता व्याज. ठेवीचं ३८,००० आणि बचत खात्याचं ६,४०० रुपये. त्या वर्षी साठ वर्षांखालच्या ठेवीदाराचं व्याज ४०,००० च्या आत असेल तर बँक टीडीएस कापत नव्हती. म्हणून २६एएसमध्ये हे व्याज नाही, एआयएसमध्ये आहे. "टीडीएस कापला नाही म्हणजे करपात्र नाही" हा समज फार घट्ट रुतलेला आहे. व्याज पहिल्या रुपयापासून उत्पन्नात धरायचं असतं. टीडीएसची मर्यादा बँकेसाठी असते, तुमच्यासाठी नाही.

एकत्र हिशेब असा झाला. पगार १३,२०,०००, त्यातून एकदाच ७५,००० वजा, म्हणजे १२,४५,०००. व्याजाचे ४४,४०० मिळवून १२,८९,४००. त्यावर कर ९७,८८०, उपकर धरून साधारण १,०१,७९५. टीडीएस ३५,७५०. भरायचे राहिले ६६,०४५ रुपये. रिफंडची वाट पाहणाऱ्या तरुणीला हा आकडा जूनच्या शेवटी कळला.

फंड वळवताना झालेला नफा २२,००० होता. शेअर आधारित योजना, वर्षाहून जास्त काळ ठेवलेली. १,२५,००० च्या सूट मर्यादेत बसत असल्यानं कर नाही. पण तो व्यवहार एआयएसमध्ये नोंदलेला आहे, त्यामुळे रिटर्नमध्ये दाखवायचाच.

सावधान: टीडीएस वजा जाता १०,००० रुपये किंवा जास्त कर उरत असेल तर तो अग्रिम कर म्हणून ३१ मार्चच्या आत जायला हवा होता. गेला नसेल, तर १ एप्रिलपासून भरेपर्यंत प्रत्येक महिन्याला किंवा महिन्याच्या भागाला १ टक्का व्याज कलम २३४बी खाली लागतं. इथे ते महिन्याला ६६० रुपये. एप्रिलमध्ये भरले असते तर ६६०, जुलैमध्ये भरले तर २,६४०. हप्ते चुकल्याचं कलम २३४सी चं व्याज वेगळं. त्या वर्षी रिटर्नची मुदत ३१ जुलैवरून १५ आणि मग १६ सप्टेंबरपर्यंत लांबली. अनेक जण निवांत झाले, पण २३४बी चं व्याज त्यामुळे थांबलं नव्हतं.

म्हणून नोकरी बदललेल्या वर्षी दोन मेल करा. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात, निदान एप्रिलच्या सुरुवातीला, तीन ओळींचा एक: "नोकरी बदलली, दोन्हीकडचा पगार आणि कापलेला कर अंदाजे इतका, किती भरायचा राहतो?" आणि १५ जूननंतर सविस्तर दुसरा. पहिल्यासाठी पगाराच्या चिठ्ठ्या पुरतात.

## टप्पा ४: फायलींना नावं आणि क्रमांक द्या

`scan0047.pdf` किंवा व्हॉट्सॲपवरून आलेलं लांबलचक नाव तसंच ठेवू नका. क्रमांक द्या आणि मेलमध्ये त्याच क्रमांकानं उल्लेख करा:

```
01_Form16_JuniCompany.pdf
02_Form16_NaviCompany.pdf
03_AkherchaHishob.pdf
04_26AS_2024-25.pdf
05_AIS_2024-25.pdf
06_Vyaj_Pramanpatra.pdf
07_Fund_Bhandvali_Nafa.pdf
```

कागदाचे मोबाइलवर काढलेले तिरपे फोटो पाठवू नका. पोर्टलवरून उतरवलेली मूळ पीडीएफ पाठवा, तिच्यातले आकडे शोधता येतात आणि कॉपीही करता येतात.

एआयएसची पीडीएफ पासवर्डनं बंद असते. पासवर्ड म्हणजे छोट्या लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख, उदाहरणार्थ:

```
abcde1234f05081994
```

हा पासवर्ड त्याच मेलमध्ये लिहिणं म्हणजे कुलपाला किल्ली लटकवून ठेवणं. फोनवर सांगा, किंवा "नेहमीचा पासवर्ड" एवढंच लिहा. सल्लागाराला तो कसा बनतो हे ठाऊक असतं.

सावधान: पोर्टलचा लॉगिन पासवर्ड आणि ओटीपी मेलमध्ये देऊ नका. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत करायची ई-पडताळणी तुम्ही स्वतः आधार ओटीपीनं करू शकता. शिवाय पोर्टलवरच्या प्रोफाइलमध्ये तुमचाच मोबाइल आणि ईमेल आहे ना, ते आजच बघा. पूर्वीच्या सल्लागारानं स्वतःचा पत्ता टाकलेला असेल, तर तुमच्या नोटिसा त्याच्याकडे जात असतील आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसेल.

## टप्पा ५: प्रश्न असे लिहा की उत्तर देता येईल

"कर वाचवण्यासाठी काही करता येईल का?" याला उत्तर नसतं. ३१ मार्च उलटून गेल्यावर तर मुळीच नसतं. चांगल्या प्रश्नात तीन गोष्टी हव्यात: काय घडलं, आकडा किती आणि तुम्हाला कोणता निर्णय घ्यायचा आहे.

"पीएफचं काय करू?" हाच प्रश्न घ्या. सल्लागार उलटा विचारणार, नोकरी किती वर्षं झाली, पैसे काढले का, किती होते. त्याऐवजी असं लिहा: "जुन्या कंपनीत २ वर्षं ४ महिने होते. पीएफ अजून काढलेला नाही. नव्या खात्यात वर्ग करायचा की काढायचा, हे ठरवायचं आहे. काढला तर कर लागेल का?" याला एका ओळीत उत्तर मिळतं: सलग पाच वर्षांच्या आत काढला तर करपात्र, वर्ग केला तर जुनी सेवा पुढे मोजली जाते.

करप्रणालीचा प्रश्नही असाच. "जुनी बरी की नवी?" असं मोघम विचारू नका. दोन्ही कंपन्यांनी नव्या प्रणालीनं कर कापला असला तरी, व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना जुनी निवडता येते. अट एकच, रिटर्न मुदतीच्या आत भरलं पाहिजे. म्हणून आकडे द्या आणि दोन्ही हिशेब मागा. आमच्या तरुणीकडे ८०सी खाली १,५०,००० ची गुंतवणूक होती, आरोग्य विम्याचा हप्ता १८,००० आणि घरभाडे भत्त्याची सूट सल्लागाराच्या हिशेबानं १,२०,००० निघाली. त्यात ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि बचत खात्याच्या व्याजाची ६,४०० ची सूट धरूनही जुन्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १०,२०,००० राहिलं आणि कर १,२३,२४० झाला. नव्यात १,०१,७९५. एवढ्या वजावटी असूनही नवीच स्वस्त पडली. तिला ते शेवटपर्यंत पटत नव्हतं, दोन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर पटलं.

आणखी एक प्रकार म्हणजे न जुळणाऱ्या आकड्याचा. "एआयएस चुकीचं आहे" एवढं लिहून थांबू नका. कोणती नोंद, तिथे किती, तुमच्याकडे किती आणि तुमच्या मते का, हे लिहा. नोंद खरोखर चुकीची असेल तर पोर्टलवर तिच्यासमोर अभिप्राय नोंदवता येतो. तो आधी नोंदवायचा का, हेही विचारा.

प्रश्न पाच-सहाच्या वर नेऊ नका. ज्याचं उत्तर रिटर्नवर परिणाम करत नाही, तो प्रश्न ऑगस्टसाठी ठेवा.

## टप्पा ६: आता मेल लिहा

विषयाच्या ओळीत नाव, पॅनची शेवटची चार अक्षरं आणि वर्ष असू द्या. "रिटर्न" एवढाच विषय असलेले शंभर मेल त्या इनबॉक्समध्ये आधीच पडलेले आहेत. वर्ष लिहिताना आर्थिक वर्ष आणि करनिर्धारण वर्ष दोन्ही लिहा. या दोहोंची गल्लत नेहमीची.

> विषय: रिटर्न, आर्थिक वर्ष २०२४-२५ (करनिर्धारण वर्ष २०२५-२६), नाव, पॅन ...२३४एफ
>
> नमस्कार सर,
>
> मागच्या वर्षीपेक्षा वेगळं: १ ऑक्टोबर २०२४ ला नोकरी बदलली. नव्या कंपनीला फॉर्म १२बी दिला नव्हता. एका फंडातून दुसऱ्या योजनेत पैसे वळवले. घर, शेअर, परदेशातलं उत्पन्न काही नाही.
>
> जोडलेल्या फायली: ०१ ते ०७. ०४ आणि ०५ या २० जूनला उतरवल्या आहेत. पासवर्ड नेहमीचा.
>
> माझ्या हिशेबानं: पगार ६,००,००० + ७,२०,०००. टीडीएस ३५,७५० + ०. ठेवीचं व्याज ३८,०००, बचत खात्याचं ६,४००. फंडातला दीर्घ मुदतीचा नफा २२,०००.
>
> जुन्या प्रणालीसाठी: ८०सी १,५०,०००. आरोग्य विमा १८,०००. वर्षभर भरलेलं भाडं आणि घरमालकाचा पॅन सोबतच्या तक्त्यात.
>
> अजून हातात नाही: दुसऱ्या बँकेचं व्याज प्रमाणपत्र. २७ जूनपर्यंत पाठवते. तिथे ठेव नाही, रक्कम किरकोळ आहे.
>
> प्रश्न:
> १. दोन्ही प्रणालींत कर किती येतो? दोन्ही तक्ते मिळतील का?
> २. कर भरायचा राहत असेल तर व्याजासह किती? याच महिन्यात भरायचा आहे.
> ३. अखेरच्या हिशेबात (फाइल ०३) नोटीस कालावधीची वसुली आहे. पगार वसुलीआधीचा धरायचा की नंतरचा?
> ४. पीएफ वर्ग करू की काढू? जुनी नोकरी २ वर्षं ४ महिने.
>
> भरण्याआधी मसुदा पाहायला पाठवावा, ही विनंती.

"अजून हातात नाही" हा भाग मुद्दाम ठेवा. काय येणार आहे हे कळलं की सल्लागार बाकीचं काम पुढे नेतो. न सांगता राहिलेला कागद मात्र रिटर्न भरल्यावर उगवतो आणि मग सुधारित रिटर्न भरत बसावं लागतं.

तपासा: "काही नाही" हेही लिहिलं आहे ना? परदेशी शेअर किंवा खातं नाही, घर विकलेलं नाही, हे स्पष्ट लिहिलं की चार उलट प्रश्न वाचतात. नोकरीतून परदेशी कंपनीचे शेअर मिळाले असतील तर इथे प्रामाणिकपणे लिहा. ती मालमत्ता रिटर्नमध्ये वेगळी जाहीर करावी लागते.

## टप्पा ७: मसुदा आल्यावर

मसुद्यात चार ठिकाणं बघा. प्रमाणित वजावट एकदाच घेतली आहे का. दोन्ही कंपन्यांची नावं पगाराखाली आहेत का. टीडीएसची बेरीज २६एएसशी जुळते का. व्याज एआयएसपेक्षा कमी दाखवलं असेल तर का.

कर भरताना e-Pay Tax मध्ये Self-Assessment Tax (300) निवडा आणि करनिर्धारण वर्ष २०२५-२६ आहे हे दोनदा वाचा. इथे २०२४-२५ निवडलं की पैसे सरकारजमा होतात, पण तुमच्या रिटर्नमध्ये दिसत नाहीत. चलन सल्लागाराला पाठवल्यावरच रिटर्न भरलं जाऊ द्या.

ई-पडताळणी झाली की पोचपावती आणि हिशेबाचा अंतिम तक्ता मागून घ्या. पुढच्या जूनमध्ये टप्पा १ ला तोच तक्ता लागणार आहे.